साठ मुलांची खिचडी

गिरिजाबाई हिवराळे यांना मी लिहायला शिकवलं, असं मी कुठे सांगत नाही. सांगायला तोंडच नाही. अक्षरं त्यांना येत होती, त्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. मी शिकवलं ते एवढंच, की आपल्याला येणारी गोष्ट दुसऱ्याला करता येईल अशी कशी सांगायची. वर्गात हा आज्ञार्थाचा साधा धडा आहे, पाचवीला असतो. गिरिजाबाईंच्या बाबतीत त्यानं काय केलं, ते सांगतो.

आमची शाळा हसनाबादहून आत सात-आठ किलोमीटरवर आहे. पहिली ते पाचवी, साठ मुलं, दोन शिक्षक. एक हेडसर राधेश्याम, दुसरा मी, संघपाल. तिसऱ्या गिरिजाबाई, पोषण आहाराच्या स्वयंपाकी. कागदावर त्या तिसऱ्या नव्हत्या, पण मुलांना विचारलं असतं तर त्यांनी पहिलं नाव त्यांचंच घेतलं असतं. वय पन्नाशीचं, अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा की त्यांनी स्वयंपाकखोलीतून "ताट धू रे" म्हटलं की वर्गात बसलेला पोरगाही दचकून हात पुसायचा.

चौदा वर्षांपूर्वी त्या लागल्या तेव्हा गावात कुजबुज झाली होती. आम्ही बौद्ध. गिरिजाबाईही आणि मीही, फक्त मी जालन्याचा आणि नोकरीवाला. पहिल्या वर्षी अठरा मुलं घरून डबा आणत. कारण कुणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. गिरिजाबाईंनी कुणाशी वाद घातला नाही. त्या रोज रांधत राहिल्या. दुपारी खिचडीचा वास वर्गात यायचा आणि डबेवाली पोरं आपली थंड भाकरी घेऊन खिडकीशी बसायची. दिवाळीपर्यंत डबे नऊ झाले, उन्हाळ्यापर्यंत एकही उरला नाही. मी बदलून आलो त्याच्या आधीचं हे. मला हेडसरांनी सांगितलं, आणि सांगताना ते स्वतः खिचडीच खात होते.

स्वयंपाक्यांचा करार शाळा व्यवस्थापन समिती दर वर्षी नवा करते. समितीचे अध्यक्ष पुंजाराम आबा. त्यांची भावजय उषाबाई यांना ते काम हवं होतं, आणि त्यात गैर काही नाही, काम कुणाला नको असतं? एकदा मिळालंही. गिरिजाबाई मुलीच्या बाळंतपणाला तीर्थपुरीला गेल्या होत्या, तीन आठवडे उषाबाईंनी रांधलं. मुलांनी ताटं तशीच सोडली. बादलीभर खिचडी रोज म्हशींना गेली. पालक शाळेत आले आणि म्हणाले, त्या बाईला बोलवा. तेव्हापासून जूनच्या बैठकीत स्वयंपाक्याचा विषय दोन मिनिटांत संपायचा. गिरिजाबाईंना गावात ना शेत, ना कुणाचा आधार. नवरा भिवा मजुरीला जायचा, तोही कंबर गेल्यापासून निम्मे दिवस घरी. ते काम टिकून होतं ते निव्वळ त्यांच्या हाताच्या चवीवर. हे मला ठाऊक होतं. पुढं जे झालं त्यात माझं अज्ञान नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

जानेवारीत मी पाचवीला आज्ञार्थ शिकवत होतो. फळ्यावर कच्च्या चिवड्याची कृती लिहिली. 'मुरमुरे निवडून घ्या. कांदा सोला. बारीक चिरा. एक चमचा तेल घाला. पाव चमचा तिखट घाला. मीठ टाका. हलक्या हातानं कालवा.' दोन मुलींनी वाचायचं आणि बाकीच्यांनी तसंच करायचं. चिवडा झाला, खाल्ला, मग मी म्हणालो, आता तुम्ही लिहा, मी करतो. मुलांनी दुसऱ्या चिवड्याची कृती लिहिली. 'कांदा घाला' असं लिहिलेलं वाचून मी आख्खा कांदा सालीसकट मुरमुऱ्यांत ठेवला. 'लिंबू पिळा' म्हटल्यावर टेबलावर पिळला. वर्ग हसून हसून लोळला. मग त्यांच्या लक्षात आलं की काय सोला, कशात पिळा, हे सांगायला हवं. चिर, चिरा. घे, घ्या. दे, द्या. धू, धुवा. करू नको, करू नका. मैत्रिणीला सांगताना 'घे', आणि माहीत नसलेल्या माणसाला सांगताना 'घ्या'.

गिरिजाबाई दारात उभ्या होत्या, हातात रिकामं पातेलं. "सर, तेल लई झालं त्याच्यात," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मला बी लिहायचं हाय. खिचडीचं."

मी खूश झालो. शिक्षकाला असं कुणी म्हटलं की त्याची अक्कल गहाण पडते. मी त्यांना दुपारी, भांडी झाल्यावर, वर्गात बसवायला सुरुवात केली. आधी म्हटलं, तुम्ही दुसऱ्याचं लिहिलेलं वाचून करा. फळ्यावरचीच कृती कागदावर दिली. हे त्यांना फार जड गेलं. त्यांचा हात कागदाच्या पुढं पळायचा. कागदावर पाव चमचा तिखट, आणि यांची चिमूट आधीच पडलेली.

"वाचा आधी," मी म्हणालो.

"वाचलं की. पर हाताला कळतंय ना किती लागतं ते."

"हाताला कळतं ते बाजूला ठेवा. कागद काय म्हणतो ते करा."

तीन वेळा केल्यावर जमलं. त्या कागदाला शरण गेल्या, तसं करताना ओठ घट्ट मिटून. मग त्यांनी स्वतःचं लिहायला घेतलं. पहिला कागद माझ्याकडे अजून आहे. 'मी तांदूळ निवडते. मी डाळ भाजते. मंग मी पाणी टाकते.' पानभर मी, मी, मी. मी लाल पेन घेऊन सगळे 'मी' खोडले. म्हणालो, "गिरिजाबाई, तुम्ही काय करता ते नका सांगू. समोरच्यानं काय करायचं ते सांगा."

"समोर कोन हाय?"

"कुणीही. ज्याला खिचडी येत नाही असा माणूस."

त्यांनी विचार केला. दुसऱ्या दिवशी आणलं त्यात 'निवड, भाज, टाक' होतं. पोरांना दिवसभर हुकूम सोडायची सवय. मी म्हणालो, हा माणूस तुमच्या ओळखीचा नाही. "मंग 'तुम्ही' म्हनावं लागन," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच बदललं. निवडा, भाजा, टाका. हेडसरांनी डोकावून 'भाजावी, टाकावी' असं सुचवलं. मी सांगितलं, तेही बरोबर आहे, तो विध्यर्थ झाला, छापील पुस्तकात तसं असतं. गिरिजाबाई म्हणाल्या, "ते नोटीस लावल्यावानी वाटतं. मला माणसाला सांगायचं हाय."

मापं काढायला आठवडा गेला. अंदाज हा शब्द मी त्यांना लिहूच दिला नाही. मूठ म्हटलं की वाटीनं मोजायला लावलं. साठ मुलांना सहा किलो तांदूळ आणि सव्वा किलो डाळ हे शाळेचंच माप होतं, पण पाणी किती, मीठ किती, जाळ कधी कमी करायचा, हे सगळं त्यांच्या अंगात होतं, कागदावर कुठंच नव्हतं. त्या रांधायच्या, मी शेजारी उभा राहून विचारायचो, आता काय केलं, का केलं. त्या हसायच्या. "आईनं बी एवढं इचारलं न्हवतं," म्हणायच्या. भिवाला घरी सांगायच्या की आपला सर मला लिहायला शिकवून राह्यला. 'आपला सर'. हे मला भिवानंच सांगितलं होतं, मोठ्या कौतुकानं.

शेवटच्या ओळीपाशी त्या अडल्या. त्यांच्या खिचडीत एक गोष्ट होती जी कुणाला माहीत नव्हती. कारळं कोरडं भाजायचं, लसूण आणि मीठ घालून कुटायचं, आणि जाळ काढल्यावर खिचडीवर भुरभुरून झाकण लावायचं. कारळं त्या घरून आणायच्या, पदरच्या खर्चानं. त्यांनी पेन कागदावरून उचललं.

"हे लिहू का, सर?"

"सगळं लिहा," मी म्हणालो. "एक गोष्ट जरी सोडली तरी समोरच्याचं बिघडेल. मग लिहून काय उपयोग?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि लिहिलं. 'जाळ काढा. कारळं वरून भुरभुरा. झाकण ठेवा. दहा मिनिटं झाकण काढू नका.'

मग परीक्षा. शनिवारी सकाळची शाळा असते. मी रांधायचं, कागद वाचून, आणि गिरिजाबाईंनी पालथ्या घमेल्यावर बसायचं, तोंड उघडायचं नाही. पहिल्या शनिवारी खिचडी गिचकी झाली. 'दोन कळशा पाणी टाका' एवढंच होतं, मी थंड पाणी टाकलं. त्या बसल्या जागी हात चोळत होत्या पण बोलल्या नाहीत. घरी जाऊन त्यांनी दुरुस्ती केली, 'दोन कळशा उकळतं पाणी टाका'. दुसऱ्या शनिवारी मी पुन्हा रांधलं. मुलं जेवायला बसली. प्रीती नावाची पाचवीतली चोखंदळ पोरगी दुसऱ्यांदा वाढून घेऊन गेली. कुणालाही कळलं नाही की आज हात वेगळा आहे. गिरिजाबाई भिंतीला टेकून हे बघत होत्या आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, आनंदानं. तेव्हा तो आनंदच होता बहुतेक.

हेडसरांनी कागद मोठ्या अक्षरात टाइप करून, प्लास्टिकमध्ये बंद करून स्वयंपाकखोलीत ठोकला. त्याचा फोटो केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर टाकला, खाली 'अभिनव उपक्रम' असं. मला अभिनंदनाचे अंगठे आले. दोन दिवसांनी पुंजाराम आबा शाळेत आले, स्वयंपाकखोलीत गेले, चष्मा लावून तो कागद वाचला. पुन्हा पहिल्यापासून वाचला. बाहेर येऊन माझ्या पाठीवर थाप मारली. "सर, लई कामाची गोष्ट केली तुम्ही," म्हणाले. मी धन्यवाद म्हणालो. इतका मी बावळट.

जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी समितीची बैठक झाली. मी समितीवर शिक्षकांचा प्रतिनिधी. तिसरा विषय स्वयंपाकी. पुंजाराम आबा अगदी शांतपणे बोलले.

"गिरिजाबाईनं चौदा वर्षं काम केलं. आता गावात दुसऱ्या बायांना बी भेटलं पाहिजे. आधी अडचण व्हती चवीची. आता तर समदं लिहून ठेवलेलं हाय, मापासगट. उषाबाई सातवी शिकलेली हाय, बराबर वाचती."

हेडसर रजिस्टरच्या कोऱ्या पानाकडे बघत राहिले. मी म्हणायला हवं होतं की ती खिचडी ज्या बाईची आहे तिलाच तुम्ही काढताय. मी म्हणायला हवं होतं की यात खिचडीचा प्रश्न चौदा वर्षांपूर्वीही नव्हता आणि आजही नाही. मला हे सगळं त्याच क्षणी सुचलं होतं, नंतर घरी जाऊन सुचलं अशातला भाग नाही. पण मी जालन्याहून रोज ये-जा करतो. शिक्षकानं नेमणुकीच्या गावी राहायचं असतं, आणि मी तिथं राहतो असा ग्रामपंचायतीचा दाखला मला दर वर्षी पुंजाराम आबाच आणून देतात. त्या दिवशी तो दाखला त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. त्यांनी त्याचा उल्लेखही केला नाही. रजिस्टर फिरत माझ्यापुढं आलं आणि मी सही केली. बैठक उठल्यावर त्यांनी घडी घातलेला दाखला माझ्या हातात दिला.

गिरिजाबाईंना कुणी कळवायचं यावर कुणी काही ठरवलं नाही. मी तर नाहीच कळवलं. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः येऊन स्वयंपाकखोली झाडली, चूल सारवली, डबे उन्हात वाळवले. त्याच चुलीवर दुसरी बाई रांधणार हे मला माहीत होतं, आणि मी त्यांना ते सारवताना बघून वर्गात निघून गेलो.

शाळा उघडली त्या दिवशी त्या नवाच्या आधी आल्या. धुतलेलं लुगडं, हाताशी नात पायल, पहिलीत नाव घातलेली. स्वयंपाकखोलीत उषाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. हेडसरांनी गिरिजाबाईंना बाहेर व्हरांड्यात घेतलं आणि पाच मिनिटं बोलले. मी वर्गात हजेरी घेत होतो. नावं पुकारत होतो आणि एकही मला ऐकू येत नव्हतं.

त्या माझ्या दाराशी आल्या. रोज येताना 'जयभीम सर' म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, "नमस्कार सर."

मी उठलो. बाहेर गेलो.

"तुमची बी सही हाय म्हनले हेडसर. खरं हाय का?"

"हो."

"कवा झाली बैठक?"

"आठ दिवस झाले."

"म्हंजे मी चूल सारवून राह्यले व्हते तवा तुम्हाला ठाऊक व्हतं."

मी मान हलवली. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज सगळ्या शाळेला माहीत होता. पण त्या इतक्या हळू बोलत होत्या की मला पुढं वाकून ऐकावं लागत होतं.

"आबाचं मला काई वाटत न्हाई. ते पहिल्यापासून तसेच हायेत. त्यांना चौदा वर्षं खिचडी पाहिजे व्हती, माझा हात नको व्हता. पर ते दोन्ही येगळं कसं करायचं ते त्यांना जमत नव्हतं. ते तुम्ही करून देलं." त्यांनी पदर खांद्यावरून पुढं घेतला. "तुम्ही आपले. म्हनून मी लिवलं."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारा मी होतो. मी काहीतरी बोललो, करार एका वर्षाचाच असतो, पुढच्या जूनला आपण बघू, असलं काहीतरी. त्यांनी ते पुरं होऊ दिलं नाही.

"तो कागद मला द्या. तो माझा हाय."

मी स्वयंपाकखोलीत गेलो. प्लास्टिकमधला कागद चार खिळ्यांनी ठोकलेला. उषाबाई त्याच्यासमोर उभ्या राहून बोटानं ओळ धरून वाचत होत्या, 'डाळ कोरडी भाजा, तांबूस होऊ द्या'. हेडसर माझ्या मागून आले. म्हणाले, "संघपाल, तो आता शाळेचा तक्ता आहे. काढू नका." मी खिळ्याला हातही न लावता परत आलो. गिरिजाबाईंनी माझे रिकामे हात पाहिले आणि फाटकाकडे गेल्या. पहिलीचा पहिलाच दिवस, पायल रडेल म्हणून त्या फाटकाबाहेर लिंबाच्या सावलीत बसून राहिल्या.

बाराच्या सुमारास भाजलेल्या डाळीचा वास आला. मग लसणाचा. मी पाचवीला बेरजा दिल्या होत्या आणि पोरं माना वर करून वास घेत होती. कारळं उषाबाईंनी घरून आणलं होतं, कागदावर लिहिलंच होतं ना किती वाट्या. जाळ काढला, भुरभुरलं, झाकण ठेवलं. दहा मिनिटं झाकण काढलं नाही.

मुलांना वाढायच्या आधी शिक्षकानं चव घ्यायची आणि रजिस्टरमध्ये लिहायचं असा नियम आहे. त्या दिवशी पाळी माझी होती. मी एक घास तोंडात घातला आणि मला मनापासून वाटत होतं की तो करपलेला निघावा, खारट निघावा, काहीही निघावा. खिचडी उत्तम झाली होती. मोकळी, खमंग, शेवटी जिभेवर कारळाची ती कडसर चव. मी रजिस्टरमध्ये 'चव चांगली' लिहिलं, खाली सही केली. मुलं जेवली. एकाही ताटात शीत राहिलं नाही.

मी फाटकापाशी गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही. कदाचित माफी मागायला, कदाचित त्यांनी मला शिव्या द्याव्यात म्हणून.

"कशी झाली?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासारखी नाही," मी म्हणालो. "बरीच कसर आहे."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता थकवा होता.

"खोटं बोलू नका, सर," त्या म्हणाल्या. "मी त्याच्यात काई सोडलेलं न्हाई."

तेवढ्यात पायल दप्तर सावरत पळत आली. हनुवटीला खिचडी लागलेली.

"आज्जी, आज खिचडी तूच केल्ती ना?"

गिरिजाबाईंनी पदराच्या टोकानं तिचं तोंड पुसलं. "न्हाई माय," त्या म्हणाल्या. "म्या फकस्त लिहून देल्ती." मग तिचा हात धरून त्या घराकडे निघून गेल्या.